मुलाखतीत वेगळेच काम समोर आले, तर हायरिंग मॅनेजरला कसे विचारावे

जाहिरातीत एक काम लिहिलेले असते आणि मुलाखतीतले प्रश्न दुसऱ्याच कामाचे निघतात, हा अनुभव पुण्याच्या आयटी क्षेत्रात पहिली किंवा दुसरी नोकरी शोधणाऱ्यांना हमखास येतो. अशा वेळी बहुतेक उमेदवार गप्प बसतात, कारण विचारले तर ऑफर हातची जाईल अशी त्यांना धास्ती असते. काही जण रुजू झाल्यावर विचारतात, पण तेव्हा त्या उत्तराचा काही उपयोग उरलेला नसतो. या लेखात एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतले आहे. ते कल्पित असले, तरी त्यातला प्रत्येक तपशील या क्षेत्रात रोज घडणाऱ्या गोष्टींमधलाच आहे.

आपली उमेदवार नाशिकची आहे, तिला जावामध्ये दोन वर्षांचा अनुभव आहे आणि सध्याच्या कंपनीत तिचा नोटिस पिरियड नव्वद दिवसांचा आहे. कन्सल्टन्सीमार्फत तिने हिंजवडीतल्या एका कंपनीत ‘जावा डेव्हलपर’ या पदासाठी अर्ज केला. जेडीमध्ये, म्हणजे कामाच्या वर्णनात, स्प्रिंग बूट, मायक्रोसर्व्हिसेस, एपीआय तयार करणे असे लिहिले होते आणि अगदी तळाशी ‘आवश्यकतेनुसार प्रॉडक्शन सपोर्ट’ अशी एक ओळ होती. मॅनेजरबरोबरच्या दुसऱ्या फेरीत स्प्रिंगवर जेमतेम दहा मिनिटे बोलणे झाले. पुढे प्रश्न असे आले: रात्रीचा बॅच जॉब फेल झाला तर आधी काय पाहाल, पी-वन म्हणजे सर्वांत तातडीचे तिकीट आले तर कोणाला कळवाल, सर्व्हिसनाऊ वापरले आहे का, आणि रोटेशनल शिफ्ट चालेल का.

आधी विसंगती खरी आहे का, हे तपासा

मुलाखत संपल्यावर त्याच दिवशी विचारलेले प्रश्न आठवतील तसे लिहून काढावेत आणि प्रत्येक प्रश्नापुढे तो कोणी विचारला, हेही नोंदवावे. दोन दिवसांनी आठवणीत प्रश्न उरत नाहीत, फक्त ‘सपोर्टचं बरंच विचारलं’ एवढा ठसा उरतो आणि तेवढ्या ठशावर मॅनेजरला नेमका प्रश्न विचारता येत नाही. जाहिरातीची प्रतही लगेच पीडीएफ करून ठेवावी, कारण पद भरत आले की जॉब पोर्टलवरची जाहिरात काढून टाकली जाते किंवा तिच्यातला मजकूर बदलला जातो.

यानंतर त्या प्रश्नांचे दोन गट करावेत. लॉग कुठे पाहाल, जॉब फेल झाला तर काय कराल, हे ज्ञानाचे प्रश्न आहेत. ते कोणत्याही डेव्हलपरला विचारले जातात, कारण स्वतः लिहिलेला कोड बंद पडला तर दोष त्यालाच शोधावा लागतो. शिवाय पॅनेलमधला माणूस अनेकदा दुसऱ्या टीममधून उसना आणलेला असतो आणि तो आपल्याच रोजच्या कामातले प्रश्न विचारतो. म्हणून एवढ्यावरून काम बदलले आहे, असा निष्कर्ष काढू नये. रोटेशनल शिफ्ट चालेल का, शनिवारी उपलब्ध राहाल का, रात्री फोन आला तर लॅपटॉप उघडू शकाल का, हे मात्र उपलब्धतेचे प्रश्न आहेत. उमेदवाराला काय येते हे तपासण्यासाठी ते कोणी विचारत नाही. ते काम खरोखर करून घ्यायचे असते, तेव्हाच विचारले जातात. हायरिंग मॅनेजरने स्वतः असा एक प्रश्न जरी विचारला असला, तरी तो ज्ञानाच्या दहा प्रश्नांपेक्षा भारी समजावा. आपल्या उमेदवाराच्या यादीत असा प्रश्न होता आणि तो मॅनेजरनेच विचारला होता.

काय विचारले नाही, तेही पाहावे. डेव्हलपरच्या पदासाठी दोन फेऱ्या झाल्या आणि एकदाही कोड लिहून घेतला नाही, तर ते बोलके आहे.

शेवटी जॉब आयडी जुळतो का, ते पाहावे. एकाच पदनामाच्या दोन जागा निघालेल्या असतात आणि कन्सल्टन्सीने बायोडाटा एका जागेसाठी घेऊन दुसऱ्या जागेवर पाठवलेला असतो, असेही घडते. मुलाखतीच्या निमंत्रणात आणि जाहिरातीत वेगवेगळे क्रमांक असतील, तर कोडे तिथेच सुटते आणि मॅनेजरला विचारण्याआधी एचआरकडून हा घोळ निस्तरून घ्यावा लागतो.

काम बदलण्याची कारणे

मॅनेजरच्या उत्तराचा अर्थ लावता यावा, म्हणून ही कारणे आधी माहीत असावीत. सर्वांत साधे कारण म्हणजे जेडी जुनी असते. पदनाम ठरले की एचआर मागच्या भरतीचा मजकूर उचलून लावते आणि टीमचे काम दरम्यान बदललेले असले, तरी तो मजकूर कोणी तपासत नाही. दुसरे कारण क्लायंटकडचे असते. नवे मॉड्यूल मिळणार म्हणून जागा काढली जाते, मंजुरी लांबते, पण आधीची प्रणाली चालू ठेवायला माणूस लागतोच, त्यामुळे जागा रद्द न होता तिचे काम बदलते. तिसरे कारण फारसे बोलले जात नाही, पण ते खरे आहे: ‘सपोर्ट’ असे लिहिले की अर्ज कमी येतात, म्हणून ‘डेव्हलपर’ असे लिहिले जाते.

पहिल्या दोन कारणांमध्ये मॅनेजरला सरळ उत्तर देण्यात काहीच अडचण नसते, उलट नवा माणूस तीन महिन्यांत सोडून जाऊ नये, हे त्याच्याच हिताचे असते. तिसऱ्या कारणात उत्तर गोलमोल येते. म्हणूनच प्रश्न असा मांडावा लागतो, की सरळ माणसाला सरळ उत्तर देणे सोपे जावे आणि गोलमोल उत्तर आले तर ते गोलमोल आहे, हे लगेच उघडे पडावे.

कोणामार्फत आणि केव्हा विचारायचे

प्रश्न मॅनेजरसाठीच असला, तरी तो एचआरमार्फत पाठवणे नवख्या उमेदवाराला सोयीचे असते. मॅनेजरने आधी स्वतः मेल केलेला असेल, तर त्याला थेट लिहून एचआरला सीसीमध्ये ठेवावे. मुलाखतीच्या निमंत्रणात त्याचा पत्ता दिसला, एवढ्यावरून परस्पर मेल करणे मला योग्य वाटत नाही, कारण त्यामुळे एचआरचा माणूस विनाकारण दुखावतो आणि ऑफरचे कागद त्याच्याच हातून निघणार असतात.

कन्सल्टंटने ‘रोल डेव्हलपमेंटचाच आहे, काळजी करू नका’ असे सांगितले, तर त्याला उत्तर मानू नये, कारण त्याच्याकडे बहुधा तीच जेडी असते जी तुमच्याकडे आहे. मात्र मॅनेजरशी बोलणे घडवून आणायला तोच उपयोगी पडतो. त्याचे मानधन साधारणपणे उमेदवार रुजू होण्यावर अवलंबून असते आणि उमेदवार सुरुवातीच्या काही महिन्यांत सोडून गेला, तर त्याला बदली माणूस शोधून द्यावा लागतो. ‘कामाबद्दल स्पष्टता नसताना रुजू होऊन लगेच सोडण्यापेक्षा आधी पंधरा मिनिटे बोललेले बरे’ असे त्याला सांगितले, की ते त्याला बरोबर कळते.

वेळेच्या बाबतीत मुलाखतीनंतरचे एक-दोन दिवस सर्वांत चांगले असतात, कारण मॅनेजरलाही बोलणे आठवत असते आणि पगाराची बोलणी सुरू झालेली नसतात. पगार ठरल्यावर हाच प्रश्न विचारला, तर तो आकडा वाढवून घेण्याचा डाव वाटतो. शेवटची मर्यादा म्हणजे ऑफर स्वीकारण्याआधी, आणि कोणत्याही परिस्थितीत सध्याच्या नोकरीचा राजीनामा देण्याआधी. नव्वद दिवसांचा नोटिस पिरियड एकदा सुरू झाला, की ‘नाही’ म्हणण्याची ताकदच जाते आणि ती गेल्यावर विचारलेल्या प्रश्नाला गरज म्हणून कोणी उत्तर देत नाही. उत्तर येण्याआधीच ऑफर आली, तर पत्रावर स्वीकृतीची अंतिम तारीख बहुधा दिलेली असते; त्या तारखेच्या आत बोलणे व्हावे, अशी लेखी विनंती करावी.

कॅम्पसमधून निवड झालेल्यांना हे लागू होत नाही. त्यांच्या पत्रात ‘ट्रेनी’ असे लिहिलेले असते, प्रकल्प प्रशिक्षणानंतर मिळतो आणि ज्याला विचारावे असा मॅनेजर तोवर ठरलेलाच नसतो.

प्रश्नाची मांडणी

‘जाहिरातीत तर वेगळंच लिहिलं होतं’ अशी सुरुवात केली, की समोरचा माणूस आपली बाजू सावरायला लागतो. त्याऐवजी ‘जाहिरात निघाल्यानंतर या पदाच्या कामात काही बदल झाला आहे का’ असे विचारावे. चूक एचआरची असो, क्लायंटची असो की मॅनेजरची स्वतःची, ‘हो, बदल झाला आहे’ असे म्हणायला त्याला यात मोकळी वाट मिळते. पण एवढाच प्रश्न पुरत नाही, कारण ‘दोन्ही आहे’ असे उत्तर देऊन तो सहज मिटवता येतो. म्हणून त्याला जोडून कामाचे प्रमाण विचारावे लागते आणि एक नेमकी खूण विचारावी लागते.

ही खूण कामागणिक वेगळी असते. आपल्या उदाहरणात ‘सपोर्ट आहे का’ हा प्रश्न कुचकामी आहे, कारण सपोर्टच्या पातळ्या वेगवेगळ्या असतात. एल-वनमध्ये तिकीट नोंदवणे आणि पुढे पाठवणे असते, एल-टूमध्ये लॉग पाहून कारण शोधणे, जॉब पुन्हा चालवणे, डेटा दुरुस्त करणे असते, आणि एल-थ्रीमध्ये कोड बदलून दोष काढला जातो. एल-थ्रीचे काम डेव्हलपरच्या कामाला अगदी लागून आहे आणि ते दोन वर्षे केले, तरी पुढच्या मुलाखतीत अडत नाही. एल-टूची दोन वर्षे मात्र बायोडाट्यावर वेगळी दिसतात. तेव्हा विचारायचे ते असे: दोष सापडल्यावर कोड बदलून रिलीज करण्याचे काम याच टीमकडे आहे, की तो दोष दुसऱ्या टीमकडे पाठवला जातो? या एका प्रश्नाच्या उत्तरातून जितके कळते, तितके पदनामावरून कधीच कळत नाही.

मेल प्रत्यक्षात इंग्रजीतच जाईल, पण त्याचा आशय असा ठेवावा. विषयाच्या ओळीत नाव, पदनाम, जॉब आयडी आणि ‘कामाच्या स्वरूपाबद्दल एक प्रश्न’ एवढे असावे.

> मंगळवारच्या मुलाखतीबद्दल आभारी आहे. टीमची प्रणाली कशी चालते, हे त्यातून मला समजले.
>
> जाहिरातीत मुख्य भर एपीआय तयार करण्यावर होता, तर मुलाखतीत बॅच जॉब, पी-वन तिकिटे आणि रोटेशनल शिफ्ट यांवर अधिक बोलणे झाले. जाहिरात निघाल्यानंतर या पदाच्या कामात बदल झाला आहे का, हे कृपया मॅनेजरांकडून समजून घेता येईल का? विशेषतः पहिल्या सहा महिन्यांत आठवड्यातले साधारण किती दिवस नव्या डेव्हलपमेंटचे आणि किती सपोर्टचे असतील, आणि दोष सापडल्यास कोडमधला बदल याच टीममध्ये होतो का, हे जाणून घ्यायचे आहे.
>
> लेखी उत्तरापेक्षा पंधरा मिनिटांचा फोन सोयीचा असल्यास गुरुवारी किंवा शुक्रवारी सायंकाळी सहानंतर मी उपलब्ध आहे.

या मजकुरात तक्रार नाही आणि ‘नसेल तर मी येणार नाही’ अशी अटही नाही. मुलाखतीत नेमके काय बोलले गेले, ते त्यात नावानिशी आले आहे, म्हणून ‘तुमचा काही गैरसमज झाला असेल’ एवढ्यावर ते टाळता येत नाही. शिफ्टचा उल्लेख फक्त संदर्भापुरता ठेवला आहे. त्याचे तपशील फोनवर विचारावेत, कारण मेल लांबला की त्यातल्या सोप्या प्रश्नाचे तेवढे उत्तर येते.

फोनवर

आपल्या उमेदवाराला मॅनेजरचा फोन आला. बोलण्याचा महत्त्वाचा भाग असा:

“बघा, रोल तसा डेव्हलपमेंटचाच आहे, पण सध्या थोडा सपोर्ट आहे.”

“सर, सध्या म्हणजे साधारण कधीपर्यंत? आणि नवीन माणसाला आठवड्याचे किती दिवस सपोर्ट असेल?”

“सुरुवातीला तीन-साडेतीन दिवस धरा. नवीन मॉड्यूल यायचंय, क्लायंटचं अप्रूव्हल बाकी आहे.”

“आणि अप्रूव्हल लांबलं तर?”

“तर मग सपोर्टच चालू राहील, खरं सांगायचं तर. कोड फिक्स मात्र आपणच करतो, ते बाहेर जात नाही.”

‘थोडा’ आणि ‘सध्या’ या दोन शब्दांचे आकड्यांत रूपांतर होईपर्यंत थांबू नये, एवढीच या संभाषणातली युक्ती आहे. ‘थोडा सपोर्ट’ म्हणजे आठवड्यातले तीन-साडेतीन दिवस निघाले, तर ‘सध्या’ला शेवटची तारीखच नव्हती. पण दोष याच टीममध्ये दुरुस्त होतात, हेही कळले, म्हणजे काम एल-थ्रीचे आहे आणि मुलाखतीनंतर वाटले होते तितके ते वाईट नाही.

याच फोनवर ऑन-कॉलची पाळी किती आठवड्यांनी येते, तिचा भत्ता मिळतो का आणि रात्रीची शिफ्ट कार्यालयातून असते की घरून, हे विचारून घ्यावे. स्त्री उमेदवारांनी हा शेवटचा प्रश्न विचारताना मुळीच संकोच करू नये. महाराष्ट्रात दुकाने व आस्थापनांच्या 2017 च्या अधिनियमानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्री कर्मचाऱ्याला कामावर ठेवायचे, तर तिची संमती लागते आणि तिच्या सुरक्षिततेची व घरापर्यंतच्या वाहतुकीची व्यवस्था मालकाने करायची असते. जी गोष्ट संमतीवर अवलंबून आहे, ती आधी विचारणे ओघानेच आले.

उत्तर सरळ आहे की नाही, हे ओळखायला फार वेळ लागत नाही. आकडा, कारण आणि ‘हे अजून ठरलेले नाही’ अशी कबुली, यांपैकी दोन गोष्टी जरी मिळाल्या, तरी मॅनेजर मोकळेपणाने बोलत आहे असे समजावे. ‘आमच्याकडे फ्लेक्सिबल माणसं लागतात’ किंवा ‘एकदा जॉइन व्हा, मग बघू’ हे उत्तर नव्हे. तरीही तोच प्रश्न एकदा, दुसऱ्या शब्दांत विचारून पाहावा: सध्या टीममध्ये याच पदावर असलेल्या व्यक्तीने मागच्या आठवड्यात काय काय केले? योजनांबद्दल गोलमोल बोलता येते, मागच्या आठवड्याबद्दल तसे बोलणे अवघड जाते. त्यावरही टाळाटाळ झाली, तर काम सपोर्टचेच आहे असे धरून निर्णय घ्यावा. एचआरने मॅनेजरला न विचारताच ‘रोल सेम आहे’ असे एका ओळीत कळवले, तर मात्र त्यावरून काहीच ठरवू नये आणि फोनची विनंती पुन्हा करावी.

बोलणे लेखी करून घेणे

फोन झाल्यावर त्याच संध्याकाळी आभाराचा मेल पाठवावा आणि त्यात ‘माझ्या समजुतीप्रमाणे’ असे म्हणून ऐकलेल्या गोष्टी तीन-चार वाक्यांत मांडाव्यात: सुरुवातीला आठवड्याचे तीन-साडेतीन दिवस सपोर्ट, नवे मॉड्यूल मंजुरीवर अवलंबून, कोडमधले बदल टीममध्येच, ऑन-कॉल अमुक आठवड्यांनी. काही चुकले असल्यास कळवावे, अशी विनंती शेवटी करावी. मॅनेजरने नुसते ‘बरोबर’ एवढे लिहिले, तरी काम झाले.

या मेलची मर्यादाही ओळखून असावे. नियुक्तिपत्रात बहुधा असे कलम असते, की कंपनी गरजेनुसार काम, ठिकाण आणि प्रकल्प बदलू शकते. आधीची सर्व बोलणी या पत्राने रद्द समजावीत, असेही कलम अनेकदा असते. त्यामुळे मेल दाखवून कंपनीला बांधून ठेवता येईल, असे मानू नये. त्याचा उपयोग सहा महिन्यांनी, त्याच मॅनेजरबरोबर कामाचा आढावा घेताना होतो, आणि तो मॅनेजर दुसऱ्या प्रकल्पावर गेला, तर तेवढाही होत नाही. जे खरोखर महत्त्वाचे आहे, म्हणजे शिफ्टची वेळ, भत्ता आणि पदनाम, ते पत्रातच यावे अशी मागणी करावी. लहान कंपन्या एखादी ओळ घालून देतात. मोठ्या कंपन्यांचे पत्र ठरलेल्या नमुन्याचे असते आणि त्यात बदल होत नाही; अशा वेळी एचआरच्या अधिकृत मेलवरून तीच माहिती मागून घ्यावी.

आपल्या उमेदवारापुढे आता तीन मार्ग आहेत. काम एल-थ्रीचे आहे, हे धरून ती ऑफर स्वीकारू शकते. ऑन-कॉलचा भत्ता आणि सहा महिन्यांनी डेव्हलपमेंटचे प्रमाण पुन्हा पाहण्याचे आश्वासन मागू शकते, आणि काम बदलल्याचे मॅनेजरनेच मान्य केलेले असल्यामुळे ही मागणी आगाऊपणाची वाटत नाही. किंवा ती नकार देऊ शकते. नकार द्यायचा झाला, तर कारण एका वाक्यात स्पष्ट लिहावे, की सध्या मुख्यतः डेव्हलपमेंटचे काम हवे आहे, आणि ते मॉड्यूल मंजूर झाल्यास पुन्हा विचार व्हावा अशी विनंती करून त्या मेलमध्ये जॉब आयडी लिहायला विसरू नये, कारण मंजुरी आली की जागा नव्या क्रमांकाने निघते आणि जुन्या क्रमांकावरूनच एचआर आधीच्या उमेदवारांची यादी शोधते.